एका क्विंटल मिरचीतलं 72 किलो पाणी: नंदुरबारजवळच्या एका गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि व्यापारी ती पथारीवर वाळवतात. मोकळ्या मैदानावर मैलभर लाल चादर अंथरल्यासारखी ती पसरलेली असते. थंडीतली कोरडी हवा आणि ऊन मिळून आठ-दहा दिवसांत माल वाळवून देतात, आणि त्याला इंधनाचा एक पैसाही लागत नाही. पथारीला नावं ठेवण्याचं कारण नाही. अवकाळी पाऊस मात्र तिला सोसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात एक रात्र पाऊस झाला की ताडपत्री टाकेपर्यंत खालचा थर भिजतो, आणि पुढच्या चार दिवसांत त्याचा रंग जातो.

हे प्रकरण नंदुरबार तालुक्यातल्या एका गावच्या अकरा बायांच्या बचत गटाचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने लिहितो आहे. गट ओली मिरची विकत घ्यायचा, वाळवायचा, कांडून तिखट करायचा आणि जवळच्या शहरांत किलोच्या पाकिटांत विकायचा. आदल्या हंगामात पावसात त्यांचा तीन क्विंटल माल काळा पडला होता. त्यानंतर ड्रायर घ्यायचं त्यांनी ठरवलं. मी शेतमाल प्रक्रियेच्या यंत्रांचं काम करतो, म्हणून गटाच्या अध्यक्ष ताईंनी मला बोलावलं. पहिल्याच बैठकीत एक म्हातारी काकू म्हणाल्या, "पानी उना ते काय करसूत, भाऊ? ते पयले सांग." पाऊस आला तर काय करायचं, या एका प्रश्नाभोवती पुढचा सगळा हिशेब फिरला.

अडचण

गटापुढे दोन प्रस्ताव होते. एक होता ट्रे असलेला विजेचा ड्रायर, हीटर आणि पंखा मिळून 6 किलोवॅटचा. विक्रेत्याच्या कागदावर लिहिलं होतं: क्षमता एक क्विंटल, वेळ आठ तास. दुसरा प्रस्ताव प्लास्टिकच्या सौर बोगद्याचा होता. अर्धगोल सांगाडा, वर अतिनील किरणांना टिकणारा पॉलिथिनचा पडदा, खाली काळी फरशी, एका टोकाला हवा आत येण्याच्या खिडक्या आणि दुसऱ्या टोकाला छोट्या सोलर पॅनेलवर चालणारा एक्झॉस्ट पंखा. जमिनीवरचं क्षेत्र साडेबावीस चौरस मीटर. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच पडत होती, त्यामुळे निवड किमतीवर होणार नव्हती.

बायांचा कल विजेच्या ड्रायरकडे होता. त्यांनी तो शेजारच्या तालुक्यात चालताना पाहिला होता आणि आठ तासांत माल खरोखर वाळला होता. कोणता माल, असं मी विचारलं. "मका," ताई म्हणाल्या.

तिथेच गोम होती. मक्याची ओल 18 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आणायची, तर एका क्विंटलमधून साधारण 7 किलो पाणी काढावं लागतं. लाल मिरचीची ओल 75 टक्के धरली, तर क्विंटलमधला कोरडा भाग 25 किलो. 10 टक्के ओलीची वाळलेली मिरची हवी असेल तर तिचं वजन 25 भागिले 0.9, म्हणजे 27.8 किलो भरेल. म्हणजे 72 किलो पाणी उडवायचं. एका क्विंटल मिरचीत दहा क्विंटल मक्याइतकं काम असतं.

हा हिशेब करताना बरेच जण 75 वजा 10 करून 65 किलो पाणी काढतात, आणि ते चुकतं. टक्केवारी दर वेळी त्या क्षणाच्या वजनावर मोजलेली असते, आणि वजन तर सतत कमी होत असतं. कोरडा भाग तेवढा बदलत नाही. म्हणून हिशेब नेहमी 25 किलोंपासून सुरू करायचा. पुढे याच गोष्टीने एक मोठा निर्णय बदलला.

आठ तासांचा दावा तपासला

पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते हे यंत्र कोणाचं आहे यावर ठरत नाही. 50 अंशांच्या आसपास एक किलो पाणी उडवायला सुमारे 2,400 किलोज्यूल लागतात. एक युनिट वीज म्हणजे 3,600 किलोज्यूल. म्हणजे किलोला पाऊण युनिटाहून थोडं कमी. मिरची आधी गरम करायला लागणारी उष्णता मिळवून मी किलोला 0.7 युनिट धरतो. 72 किलोंना झाले साधारण 50 युनिट. ही किमान गरज झाली. ट्रे तापणं, भिंतींतून जाणारी उष्णता आणि धुराड्यातून बाहेर पडणारी गरम हवा यात धरलेलीच नाही.

आता कागदावरचा दावा पाहा. 6 किलोवॅट गुणिले आठ तास, म्हणजे 48 युनिट. किमान गरजेपेक्षाही कमी. यंत्र कितीही चांगलं असलं तरी हे होणं शक्य नाही. विक्रेत्याने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. मक्यासाठीचा आकडा त्याने मिरचीला लावला, एवढंच. पण बैठकीत हा गुणाकार फळ्यावर मांडल्यावर सगळ्या गप्प झाल्या, कारण आठ तासांच्या भरवशावर त्यांनी रोज एक क्विंटल माल घ्यायचं गणित मांडून ठेवलं होतं.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय विजेचा मोठा ड्रायर घेण्याचा होता. 12 किलोवॅटचं यंत्र वेळ कमी करेल, पण क्विंटलमागची वीज तेवढीच राहील. शिवाय गटाचं शेड ज्या लाइनवर होतं तिथला मंजूर भार वाढवावा लागला असता. शेतीपंपाच्या फिडरवर थ्री फेज दिवसातून आठेक तासच मिळते, आणि त्या जोडणीवर प्रक्रियेचं यंत्र चालवताही येत नाही.

दुसरा पर्याय एका ताईंच्या मुलाने सुचवला: छतावर सोलर पॅनेल बसवून त्यावर विजेचा ड्रायर चालवू. कल्पना वाईट नाही, पण पॅनेल उन्हातला साधारण पाचवा भागच विजेत बदलतं. आपल्याला वीज नको आहे, उष्णता हवी आहे, आणि काळ्या फरशीवर पडलेलं ऊन थेट उष्णताच होतं. रोज एक क्विंटल मिरचीसाठी पंचवीस-तीस किलोवॅटचे पॅनेल लागले असते. एवढं भांडवल गटाकडे नव्हतं.

तिसरा पर्याय पऱ्हाटीच्या भट्टीचा होता. खान्देशात कापसानंतर पऱ्हाटी मुबलक असते, आणि किलोभर वाळक्या पऱ्हाटीत साडेचार युनिटांच्या जवळपास उष्णता असते. पण धूर मिरचीला लागू द्यायचा नसेल तर धूर आणि हवा वेगळी ठेवणारी नळ्यांची भट्टी लागते. ती नीट बांधणारा कारागीर आम्हाला वेळेत मिळाला नाही, म्हणून तो पर्याय मागे पडला.

शेवटी गटाने सौर बोगदा घेतला आणि 6 किलोवॅटचा विजेचा ड्रायर पावसासाठी जोडीला ठेवला. एवढं सगळं पाहून मीही तोच सल्ला दिला होता.

पहिली खेप: बोगदा बंद ठेवला

नोव्हेंबरात बोगद्यात पहिली क्विंटलभर मिरची पसरली. जास्त तापमान म्हणजे लवकर वाळणार, असं सगळ्यांना वाटलं, म्हणून खिडक्या बंद ठेवल्या आणि पंख्याचं तोंड पोत्याने झाकलं. दुपारी आत 62 अंश झाले. थर्मामीटर पाहून बाया खूश होत्या. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. संध्याकाळी फोन आला की प्लास्टिकच्या आतून थेंब गळताहेत.

दुसऱ्या दिवशी वजन केलं तर क्विंटलचे 91 किलो झाले होते. दिवसभराच्या उन्हात फक्त 9 किलो पाणी गेलं. उष्णता पाणी उडवते हे खरं, पण उडालेलं पाणी बाहेर नेतं ते हवेचं वाहणं. वाफेने भरलेली हवा 62 अंशांची असली तरी आणखी पाणी घेत नाही. रात्री तीच वाफ थंड प्लास्टिकवर जमते आणि थेंब होऊन पुन्हा मिरचीवर पडते. मिरची वाळत नव्हती, वाफवली जात होती. तिचा रंग विटेसारखा झाला, काही मिरच्यांच्या देठाजवळ बुरशी आली, आणि ती खेप तिखटात न घालता स्वस्तात काढावी लागली.

दुसऱ्या खेपेला खिडक्या उघड्या ठेवल्या आणि पंखा चालू. आतलं तापमान 48 अंशांवर उतरलं आणि ताईंना धास्ती वाटली. संध्याकाळी वजन 76 किलो भरलं. तापमान 14 अंशांनी कमी आणि पाणी मात्र अडीच पटींहून जास्त गेलं. त्यानंतर थर्मामीटरपेक्षा प्लास्टिककडे पाहायचं ठरलं. आत दव दिसलं की हवा कमी पडते आहे, खिडकी आणखी उघडायची. रात्री सगळं बंद करायचं म्हणजे बाहेरची ओल आत येत नाही, आणि सकाळी ऊन पडताच आधी पंखा लावायचा.

मोजमाप: कुठे किती गेलं

डिसेंबरात स्वच्छ हवेत खान्देशात जमिनीच्या दर चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेचार युनिट ऊन पडतं. साडेबावीस चौरस मीटरवर रोज शंभर युनिट. दुसऱ्या खेपेची रोजची वजनं ताईंनी वहीत लिहून ठेवली होती. तीन दिवसांनी, म्हणजे तिसऱ्या संध्याकाळी, क्विंटलचे 42 किलो झाले. पुढच्या तीन दिवसांत ते 36, साडेएकतीस आणि साडेअठ्ठावीसवर आले. सातव्या दिवशी दुपारी 28 किलो भरले आणि माल उतरवला.

या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. तीन दिवसांत 58 किलो पाणी गेलं आणि उरलेल्या 14 किलोंना साडेतीन दिवस लागले. 42 किलोंवर ओल 40 टक्के असते. ऐकणाऱ्याला वाटतं की 75 वरून 40, म्हणजे काम जेमतेम अर्धं झालं. प्रत्यक्षात दहातलं आठ भाग पाणी निघून गेलेलं असतं. उरलेलं सालीच्या आत, बियांच्या गाभ्यात आणि देठाच्या बुडाशी असतं. मिरचीची साल मेणचट असते, आतलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, आणि जास्त ऊन दिल्याने ते तितकं लवकर येत नाही. शेवटच्या दिवसांत बोगद्यातलं बहुतेक ऊन हवा गरम करून पंख्यातून निघून जातं. सूर्याचं ऊन फुकट आहे म्हणून हे परवडतं.

विजेच्या ड्रायरमध्ये ते परवडत नाही. तिथे एक पूर्ण क्विंटल ताजी मिरची 55 अंशांवर वाळवून पाहिली. 26 तास लागले आणि मीटरवर 138 युनिट पडले. किलोभर पाण्याला 1.9 युनिट. किमान गरज 0.7 होती, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. लहान यंत्रात एवढं होतं, त्यात मला वावगं वाटलं नाही. गटाला सगळे आकार धरून युनिट 9 रुपयांना पडत होतं, म्हणजे खेपेला 1,242 रुपये. वाळलेल्या मिरचीच्या किलोमागे 45 रुपये नुसत्या विजेचे. रोज असं चालवलं असतं तर तिखटाच्या पाकिटातला नफा विजेच्या बिलात गेला असता.

पाऊस आला तेव्हा

नोव्हेंबर संपता संपता तीन दिवस आभाळ भरून आलं आणि दुसऱ्या रात्री पाऊस झाला. तेव्हा गटाकडे दोन प्रकारचा माल होता. बोगद्यात दोन थरांत पसरलेल्या दोन क्विंटल मिरचीचे 82 किलो उरले होते, म्हणजे 40 टक्क्यांच्या आसपासची अर्धवट वाळलेली मिरची. आणि त्याच सकाळी आणलेली एक क्विंटल ताजी मिरची कॅरेटमध्ये होती. ड्रायर एकच.

आधी काय घालायचं? सगळ्यांना वाटलं की जे जास्त ओलं ते आधी सडेल. ताजी मिरची ड्रायरमध्ये गेली. मधे दोनदा वीज गेली, म्हणून ती खेप उतरायला दीड दिवस लागला. तोवर बोगद्यातल्या मिरचीवर देठाजवळ पांढरी बुरशी धरली होती, आणि फोडून पाहिल्यावर आतलं बी करपल्यासारखं दिसत होतं. 82 किलोंतली 30 किलो निवडून टाकावी लागली. बुरशी आलेली मिरची कांडून मिसळता येत नाही. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते भाजून किंवा उन्हात ठेवून पुरतं जात नाही.

निर्णय उलटा घ्यायला हवा होता. ताजी मिरची जिवंत फळ असतं. साल अखंड, वर मेण. सावलीत पातळ पसरून पंखा लावला तर ती दोन दिवस सहज टिकते. अर्धवट वाळलेल्या मिरचीची साल सुरकुतलेली, पेशी मेलेल्या, आतली साखर दाट झालेली आणि पाणी बुरशीला पुरेल एवढं. तिला एक दिवसही थांबवता येत नाही.

विजेचं गणितही तेच सांगत होतं. पुढे जानेवारीत आम्ही बोगद्यातून काढलेली 42 किलोंची खेप विजेच्या ड्रायरमध्ये टाकून मोजली. 9 तास, 38 युनिट. शेवटचं पाणी जड असतं, म्हणून किलोला 2.7 युनिट पडले, ताज्या मालाच्या जवळजवळ दीडपट. पण पाणीच मुळात 14 किलो होतं. त्या हिशेबाने पावसाच्या दिवशीच्या 82 किलोंना 76 युनिट आणि सतरा-अठरा तास लागले असते. 140 युनिट खर्चून आम्ही एक क्विंटल ताजी मिरची वाचवली. तिला खरं तर धोका नव्हता. त्याच्या साधारण अर्ध्या विजेत दोन क्विंटलांचा माल वाचला असता.

परिणाम

जानेवारीपासून कामाची पद्धत बदलली. पहिले तीन दिवस बोगदा, त्यानंतर तिसऱ्या संध्याकाळी माल तोलून विजेच्या ड्रायरमध्ये, आणि रात्रीतून तो संपवायचा. क्विंटलमागे 342 रुपये वीज, वाळलेल्या किलोला सव्वाबारा रुपये. पूर्ण विजेवर 45 पडत होते. बोगदा साडेसहा दिवसांऐवजी तीन दिवसांत मोकळा होऊ लागला, त्यामुळे त्याच सांगाड्यात हंगामाचा दुप्पट माल बसू लागला. हवा स्वच्छ असेल आणि घाई नसेल तेव्हा ताई ड्रायर लावतच नाहीत, सगळं उन्हावर उरकतात.

एक अडचण राहिली. ड्रायरमधून गरम काढलेली मिरची मऊ लागते, म्हणून बायांना ती ओली वाटायची आणि त्या आणखी दोन तास यंत्र चालवायच्या. आता मिरची बाहेर काढून थंड करतात आणि मग कानाशी हलवतात. बी खुळखुळलं आणि देठ कटकन मोडलं तर झालं. तरीही शेवटचा शब्द काट्याचा. सुरुवातीला ट्रेवर क्विंटल भरली असेल आणि काट्यावर 28 दिसत असतील, तर यंत्र बंद.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून एक चूक झाली. बोगद्याच्या हवेबद्दल मी बैठकीत बोललो, पण ताईंच्या हातात आर्द्रता मोजायचं साधं यंत्र दिलं नाही. काहीशे रुपयांच्या त्या यंत्राने पहिली खेप वाचली असती. तापमानाचा आकडा सगळ्यांना दिसत होता आणि ओलीचा कोणालाच दिसत नव्हता, म्हणून निर्णय तापमानावर झाले.

दुसरं, मिरचीची सुरुवातीची ओल आम्ही प्रत्येक खेपेला 75 टक्केच धरली. हंगामाच्या शेवटी झाडावरच थोडी सुकलेली मिरची येते, तिची ओल 65 टक्क्यांपर्यंतही असते. तेव्हा क्विंटलचे 39 किलो व्हायला हवेत, 28 नाहीत. फेब्रुवारीतली एक खेप आम्ही 28 गाठायच्या नादात जास्त वाळवली. मिरची ठिसूळ होऊन फुटली, बी गळलं आणि रंग काळपट झाला. आता प्रत्येक खेपेच्या आधी पाव किलो मिरची कापून छोट्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवतात आणि त्यावरून उतरवायचं वजन काढतात. ते काम अध्यक्ष ताईंची बारावीत शिकणारी मुलगी करते, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिने 25 भागिले 0.9 हा भागाकार लाल शाईने लिहून ठेवला आहे.

पऱ्हाटीच्या भट्टीचा विषय मात्र पुन्हा काढायला हवा. पाऊस आणि वीज जाणं बहुतेकदा बरोबरच येतं, हे त्या तीन दिवसांत कळलं. काकूंनी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर विजेच्या ड्रायरने दिलेलं नाही. नळ्यांची भट्टी बांधणारा एक कारागीर आता शहादा भागात मिळाला आहे, आणि दिवाळीच्या आत बोगद्याच्या मागच्या बाजूला ती बसवून एक खेप आभाळ असताना मुद्दाम मोजायची असं ठरलं आहे.